न सापडलेलं व्हाउचर

दादरच्या आमच्या ऑडिट फर्ममध्ये मी आणि माझ्या भागीदार इरावतीबाई शिकाऊंच्या मुलाखती घेत होतो. समोर घोडपदेवची मेघना होती, नुकतीच बी.कॉम. झालेली. माल मागवणारा आणि पैसे देणारा एकच माणूस असू नये, हे तिने नीट सांगितलं.

"नमुना म्हणून तपासायला निवडलेलं खर्चाचं व्हाउचर सापडलं नाही तर?" मी विचारलं.

"त्याच्या जागी दुसरं घेईन, सर."

"मग लपवणाऱ्याचं फावलंच की! दुसरा पुरावा नसेल तर ती चूकच धरायची."

ती ओशाळली. "आणि क्लायंट कागद देतच नसेल तर?"

"लेखी मागायचे. तरी नाही मिळाले, तर रिपोर्टात तसं लिहायचं."

"ओळखीचा असला तरी?"

"तरीही."

इरावतीबाईंनी माझ्याकडे पाहिलं. आमचे जुने क्लायंट दौलतशेठ महिनाभर गोदामाचे कागद देत नव्हते आणि मी त्यांना एक ओळही लिहिली नव्हती. माझी बायको दुर्गा गेली तेव्हा त्यांनी तिला खांदा दिला होता. त्यानंतर त्यांच्याकडे काही मागायला माझी जीभ रेटत नव्हती. आणि इथे मी या मुलीला दटावत होतो. मला तिच्याकडे बघवेना.

"सोमवारपासून ये," मी टेबलाकडे बघत म्हणालो.

ती गेल्यावर इरावतीबाई म्हणाल्या, "दौलतशेठची फाइल तिलाच देऊ या का?"

"द्या. पण पत्र आधी मी लिहितो."

त्यांनी लेटरहेड माझ्यापुढे सरकवलं.