डोक्यावरची रेघ

बालवर्गाच्या बाईंना शाळेत धाकट्या बाई म्हणत, कारण मोठ्या बाई हे पद आधीच भरलेलं होतं. मोठ्या बाई म्हणजे मुख्याध्यापिका. त्यांना वर्षातून एकदा काहीतरी क्रांतिकारक सुचायचं आणि ते निस्तरायला धाकट्या बाई असायच्याच. या वर्षी सुचलं होतं ते सरावपुस्तक. गुळगुळीत मुखपृष्ठ, आत ठिपक्याठिपक्यांची अक्षरं, प्रत्येक अक्षराभोवती बाण आणि बाणांवर आकडे: पहिला हात कुठून फिरवायचा, दुसरा कुठून. हे सगळं संगणकावर मांडलं होतं खुद्द जावईबापूंनी, म्हणजे मोठ्या बाईंच्या जावयांनी. त्यांनी शाळा सोडल्यापासून हातात पेन फक्त सही करायला धरलं असावं.

धाकट्या बाईंनी पहिलं पान उघडलं आणि कपाळावर हात मारला. ‘व’ काढायचा तर आधी गोल, मग काना आणि सगळ्यात शेवटी डोक्यावरची रेघ. पुस्तकात डोक्यावरच्या रेघेवरच ऐटीत १ हा आकडा बसला होता. ‘क’, ‘ब’, ‘म’, सगळीकडे तेच. जावईबापूंनी संगणकावर आधी रेघ आखून घेतली आणि तिला अक्षरं टांगली. तोच क्रम त्यांनी पोरांच्या हाती दिला.

बाई पुस्तक घेऊन ऑफिसात गेल्या. म्हणाल्या, “बाई, तेवढी रेघ जरा... शेवटी हवी होती. अक्षर किती रुंद होणार ते आधी पोराला कुठं माहीत असतं?”

मोठ्या बाईंनी चष्म्यावरून पाहिलं. “एक हजार प्रती छापून झाल्यात. जावईबापूंनी रात्रीचा दिवस केलाय. आणि तुम्हाला फक्त रेघ दिसली?”

“नाही, मुखपृष्ठ छान आहे,” धाकट्या बाई म्हणाल्या आणि परत आल्या. जिन्यात स्वतःवरच चिडल्या. पण चिडायला जिनाच बरा असतो, तिथं कुणी ऐकत नाही.

पुढं जे व्हायचं तेच झालं. चाळीस पोरांनी जिभा बाहेर काढून, पट्टी लावल्यासारख्या रेघा ओढल्या, दुरेघी वहीच्या या कडेपासून त्या कडेपर्यंत. मग त्या रेघेखाली अक्षरं बसवायला घेतली. कुणी दोन अक्षरांतच दमलं आणि पुढं नुसतं मोकळं छप्पर उरलं. कुणाला शेवटी जागा पुरेना, म्हणून तिथली अक्षरं एकमेकांच्या मांडीवर बसली. शब्द संपला की रेघ तुटते, तेव्हा कुठं दोन शब्दांमधली जागा दिसते. इथं रेघ तुटायचं नावच नाही. पोरं इमानदारीनं शब्दांमध्ये बोट ठेवायची, बोट काढलं की वर अखंड रेघ, आणि “बदक बघ” चं “बदकबघ” व्हायचं.

मोठ्या बाईंनी वह्या पाहिल्या आणि निकाल दिला, “पोरांची बोटं लहान आहेत.”

अपवाद एकच होता, ठमी. ठमीचे आजोबा दुकानांच्या पाट्या रंगवत आणि नातीला मांडीवर घेऊन अक्षरं काढायला शिकवत. पोरीचा हात असा की बघत राहावं. अक्षरं वरच्या रेघेला टेकून खालच्या रेघेपर्यंत नेमकी, दोन शब्दांत बोटभर जागा, आणि शब्द पुरा झाला की मगच वर एका दमात रेघ. आकड्यांकडे ती ढुंकूनही बघत नसे.

मग परीक्षा जाहीर झाली. क्रमाला पाच गुण, आकाराला पाच, अंतराला पाच. लिहून झालेल्या अक्षरावरून क्रम काही कळत नाही, म्हणून मोठ्या बाई स्वतः प्रत्येकाच्या शेजारी बसून हात कसा फिरतो ते पाहणार होत्या. दहा गुण मिळाले तर पहिलीत, आणि कुठल्याही एका रकान्यात शून्य आलं तर पुन्हा बालवर्ग. ठमी आजारपणामुळं आधीच एक वर्ष मागं राहिली होती. पुन्हा त्याच बुटक्या बाकावर, गुडघे हनुवटीला लावून?

शाळा सुटल्यावर धाकट्या बाईंनी ठमीला थांबवून घेतलं. “हे बघ राणी, रेघ पहिली काढायची.”

“पण आजोबा म्हणतात, रेघ शेवटी.”

“आजोबांचं जुनं झालं. आता असंच असतं.”

“तुम्ही पण असंच लिहिता?”

“हो,” बाई म्हणाल्या. आयुष्यात एकदाही त्यांनी तसं लिहिलं नव्हतं. आठ दिवस त्यांनी त्या पोरीचा चांगला हात बसून बिघडवला. जड जायचं, पण पोरगी पुढं सरकेल या एका आशेवर दात-ओठ खाऊन शिकवत राहिल्या. आजोबा न्यायला आले की वही मिटायच्या.

परीक्षेच्या दिवशी सगळ्यांत आधी ठमीनं “बदक बघ” लिहायला घेतलं. आधी रेघ, या टोकापासून त्या टोकापर्यंत. मोठ्या बाईंची मान डोलली: क्रम, पाच. मग अक्षरं. एवढ्या लांब रेघेखाली ती किती मोठी काढायची ते ठमीला कळेना. ‘ब’ खालच्या रेघेबाहेर लोंबला, ‘द’ पोटात पाय घेऊन बसला, आणि बोट ठेवूनही वरची रेघ सलगच राहिली.

“क्रम उत्तम!” मोठ्या बाई म्हणाल्या. “आकार दोन. अंतर... शून्य. काय हे, धाकट्या बाई? तुम्ही तर हिचं कौतुक करत होतात. बसू दे अजून एक वर्ष.”

ठमीनं धाकट्या बाईंकडे पाहिलं.

आता मात्र बाईंचं डोकं फिरलं. त्यांनी खडू उचलला आणि मोठ्या बाईंच्या हातात कोंबला. “तुम्ही लिहा. फळ्यावर. हेच दोन शब्द, सगळ्यांसमोर.”

“हा काय पोरकटपणा!”

“लिहा तर खरं.”

डोळ्यांच्या चाळीस जोड्या रोखलेल्या. मोठ्या बाई तणतणत फळ्याकडे गेल्या आणि तीस वर्षांच्या सवयीनं झरझर लिहिलं: ‘ब’ चं अंग, ‘द’ चं, ‘क’ चं, मग वरून एक सणसणीत रेघ. मोकळी जागा. मग ‘बघ’ ची अक्षरं, मग त्यांची रेघ. शब्द सुटे आणि सुबक, बघायलाच नको. पुढच्या बाकावरून एक चिरका आवाज आला, “बाई चुकल्या! रेघ पहिली!” आणि सगळा वर्ग एका सुरात ओरडला, “रेघ पहिली! रेघ पहिली!”

मोठ्या बाईंचा चेहरा खडूसारखा झाला. स्वतःच्याच नियमानं क्रमात शून्य. त्या टेबलाशी आल्या, निकालपत्रकातला क्रमाचा रकाना उभी रेघ मारून खोडला आणि पुटपुटल्या, “छपाईतली चूक दिसतेय. ठमीनं पुन्हा लिहावं. तिला हवं तसं.”

ठमीनं लिहिलं. आकार पाच, अंतर पाच. धाकट्या बाईंनी एवढा मोठा श्वास सोडला की समोरची वही फडफडली. पोरगी पहिलीत गेली, जिंकलो एकदाचे!

सगळे गेल्यावरही ठमी दप्तर पाठीवर घेऊन उभीच होती. “बाई, म्हणजे आजोबांचंच बरोबर होतं?”

“हो गं राणी. त्यांचंच बरोबर.”

“तुम्हाला माहीत होतं?”

बाईंनी होकारार्थी मान हलवली.

“मोठ्या बाईंना नव्हतं माहीत,” ठमी म्हणाली, “तुम्हाला होतं.” आणि ती आजोबांचं बोट धरायला फाटकाकडे निघून गेली.