दिपोटी साहेबांची घरची बोली

मधुसूदनच्या पत्राला अनंतरावांनी उत्तर पाठवलं नव्हतं. पत्र पावसाळ्याआधी आलं होतं आणि आता दारव्ह्याच्या आसपास कपाशी फुटायला लागली होती. रोज सकाळी कचेरीत निघताना टेबलाच्या खणातलं ते पाकीट त्यांना दिसे. ते खण लावून घेत.

मधुसूदन नागपूरच्या कॉलेजातला सोबती. आता पुण्यात भाषांचा अभ्यास करत होता. त्यानं लिहिलं होतं : ‘आता तू आणि मी एका मराठी राज्यात आलो, म्हणून हक्काने विचारतो. तू घरी वहिनींशी बोलतोस ती मराठी आणि शाळेत, कचेरीत बोलतोस ती मराठी, या दोन्ही एकच आहेत का? एका परदेशी विद्वानाने अशा स्थितीला नुकतेच एक नाव दिले आहे, डायग्लॉसिया. एकाच समाजात भाषेची दोन रूपे शेजारी शेजारी नांदतात. वरचे रूप शाळेत शिकावे लागते. ते पुस्तकात, अर्जात, भाषणात चालते, पण त्यात आपल्या लेकराला कोणी झोपवत नाही. खालचे रूप आईच्या मांडीवर येते. ते घरी आणि बाजारात चालते, पण ते कोणी लिहीत नाही. जागा चुकली की हसे होते. आणि गंमत म्हणजे लोकांना विचारले तर ते सांगतात, आम्ही खालचे बोलतच नाही. तुझ्याकडे कसे आहे ते कळव.’

‘गंमत’ हा शब्द अनंतरावांना बोचला. कॉलेजच्या एका वादसभेत ते उभे राहून म्हणाले होते, “मी या मताचा विरोध करून राह्यलो.” सगळं सभागृह हसलं होतं. पुढच्या बाकावर मधुसूदनही हसला होता. त्या दिवसापासून अनंतरावांनी चारचौघांत तोंड उघडलं ते पुस्तकासारखंच. मग आता हा पुण्यात बसून पुन्हा कोणाला हसवायला निघाला होता? आपण लिहिलेली वाक्यं कुठं वाचून दाखवणार होता?

त्यांनी एकदा कागद घेतला आणि लिहिलं, ‘आमच्याकडे सुशिक्षित माणसे घरीदारी शुद्ध मराठीच बोलतात.’

“काय लिहून राहिले एवढं?” कुंदाबाईंनी आतून विचारलं.

“काही नाही वं. उगाच एक जण डोकं खाऊन राह्यला.”

बोलले आणि पुन्हा लिहायला लागले. आपण काय बोललो ते त्यांच्या कानांना ऐकूच आलं नाही. पण कागद मात्र पुढं सरकला नाही. तोही खणात गेला.

अनंतराव शाळा तपासनीस होते. खेड्यापाड्यांत त्यांना दिपोटी साहेब म्हणत. त्या आठवड्यात त्यांच्याकडं एक निनावी तक्रार आली. बोरी अरबजवळच्या एका बंजारा तांड्यावर एकशिक्षकी शाळा होती. तिथला मास्तर नेमसिंग त्याच तांड्यातला, नेमणूक तात्पुरती. तक्रारीत लिहिलं होतं की सदर शिक्षक वर्गात आपल्या जातीची बोली बोलतो, मुलांना मराठी येत नाही, आणि तपासणीसाठी तेवढी वाक्यं घोकून घेतो. खाली सही नव्हती, नुसतं ‘एक हितचिंतक’. नेमसिंगला कायम करायचं की काढायचं, हे याच तपासणीवर ठरणार होतं. तो गेला तर दुसरा मास्तर तांड्यावर राहायला येणं अवघड होतं.

अनंतराव न कळवता निघाले. सोबत शिपाई फकिरा. बसमधून उतरून दोघं गाडीवाटेनं तांड्याकडं चालले. शाळा म्हणजे कुडाची एक खोली. अनंतराव दाराशी न जाता कुडाच्या मागं थांबले. आपण चोरासारखे उभे आहोत हे त्यांना कळत होतं, तरी ते थांबले.

आतून नेमसिंगचा आवाज येत होता. पुस्तकातलं एक वाक्य तो मोठ्यानं वाचे : “साळुंक्या कीड खातात, हे शेतकऱ्याच्या ध्यानी आले.” मग लगेच काहीतरी भराभर बोले. त्यात ‘याडी’, ‘छ’ असं काही कानावर पडे. ती बंजाऱ्यांची गोरबोली. मग वऱ्हाडीत, “समजलं का बे? कोनं खाल्ली कीड?” मुलं ओरडत, हसत. मग पुन्हा पुस्तक.

‘तक्रार खरी आहे,’ अनंतरावांच्या मनात आलं. ते दारात गेले.

वर्ग एका क्षणात बदलला. हसू थांबलं. मुलं ताठ उभी राहिली. नेमसिंगनं टोपी नीट केली, आणि मघाच्या माणसाच्या तोंडातून वेगळाच माणूस बोलला, “नमस्कार साहेब. आपण येणार असल्याचे कळले नव्हते. आसन ग्रहण करावे.”

हे बदलणं फार सफाईनं झालं. अनंतरावांचा संशय पक्का झाला.

त्यांनी पुढच्या रांगेतल्या एका मुलीला उभं केलं. तिचं नाव गंगी. “तुझ्या घरी पाणी कोण आणते?”

“माझी आई विहिरीवरून पाणी आणते,” गंगी एका दमात म्हणाली.

“काल रात्री तू घरी काय जेवलीस?”

गंगी गप्प. तिनं नेमसिंगकडं पाहिलं, मग पायांकडं.

“बरे, साळुंकीच्या धड्याचे तात्पर्य काय?”

गप्प. दुसऱ्या मुलाला विचारलं, तोही गप्प. अनंतरावांनी वहीत लिहून घेतलं : ‘पाठांतर आहे. आकलन नाही.’

“मास्तर, तुम्ही वर्गात कोणत्या भाषेत शिकवता?”

“शुद्ध मराठीत, साहेब.”

“फक्त?”

“फक्त.”

अनंतरावांनी त्याच्याकडं रोखून पाहिलं. हा माणूस तोंडावर खोटं बोलत होता. बाहेर आल्यावर त्यांनी आणखी एक गोष्ट पाहिली. नेमसिंगची आई रुपीबाई डोक्यावर सरपण घेऊन आली. तिच्याशी तो गोरबोलीत बोलला, तेवढ्यात आलेल्या बैल-व्यापाऱ्याशी वऱ्हाडीत थट्टा केली, आणि वळून साहेबांना म्हणाला, “आपल्या चहाची व्यवस्था केली आहे.” एका माणसाला तीन तोंडं. यातलं खरं कोणतं?

“चहा नको,” ते म्हणाले आणि बाभळीखाली फकिराची वाट पाहत उभे राहिले. फकिरा कुठं तरी पाणी प्यायला गेला होता. शाळा सुटली होती. पोरं लांबून साहेबांना न्याहाळत होती. अनंतरावांनी वही उघडली. अभिप्राय इथंच लिहून टाकावा म्हणजे मन पुन्हा डळमळणार नाही. ‘सदर शिक्षकास’ एवढं लिहून झालं आणि त्यांना जाणवलं की आपल्या गळ्यातलं उपरणं कोणी तरी ओढतंय.

मागं रुपीबाईची शेळी होती. उपरण्याचं टोक तिनं चांगलं हातभर गिळलं होतं.

“अवं माय!” अनंतराव ओरडले. “सोड, सोड ना वं! खाऊन राह्यली का मले? हाड! ओ पोट्टे हो, पाहून कायले राह्यले, धरा ना इले!”

सगळा तांडा क्षणभर थक्क झाला. मग गंगी खो खो हसत धावली. तिनं शेळीचा कान धरला, जबडा उघडला आणि ओलं उपरणं साहेबांच्या हातात दिलं.

“तिले भूक लागली आहे,” ती म्हणाली. “सकाळपासून बांधूनच ठेवलती.”

“अन् तू? तू काय खाल्लं वं काल?” अनंतराव अजून धापा टाकत होते. प्रश्न तसाच बाहेर पडला.

“जवारीची भाकर. अन् आंबाडीची भाजी, पन लय तिखट. माह्या भावानं नाही खाल्ली, त्यानं गूळ चोरला.”

अनंतराव थांबले. मघाशी हाच प्रश्न होता. तेव्हा हीच मुलगी दगडासारखी उभी होती. ते खाली बसले, अगदी मातीत.

“त्या साळुंकीचं काय झालं वं पुस्तकात? मले सांग बरं.”

“तो शेतकरी साळुंक्याईले हाकलून देते. त्याले वाटते, ह्या दाने खातात. मंग कीड होते लय, अन् सारं पीक जाते. मंग पुढच्या साली तो त्याईले येऊ देते.” ती जवळ सरकली. “माहा भाऊबी गोफन मारते. मी त्याले म्हनलं, मारू नको रे, पुस्तकात लिवलं आहे.”

मघाचा गप्प मुलगा मध्येच म्हणाला, “अन् माह्या बापानं म्हनलं, पुस्तकवाल्याले सांग, दानेबी खातात म्हना!”

पोरं हसली. अनंतरावही हसले. त्यांनी एकेकाला विचारलं, धड्यामागून धडा. पोरांना सगळं कळलेलं होतं. पुस्तकाच्या भाषेत ती वाचत होती आणि गोरबोलीत, वऱ्हाडीत त्याचा अर्थ लावत होती. साहेबांच्या भाषेत मात्र घरचं काही सांगायचं असतं हेच त्यांना ठाऊक नव्हतं. त्या भाषेत भाकर कधी शिजलीच नव्हती.

नेमसिंग दूर उभा होता. हसत नव्हता. अनंतराव त्याच्याकडं गेले.

“मास्तर, तुम्ही मले असं सरळ काहून नाही सांगितलं, का पोरांले त्याईच्या बोलीत समजावून सांगता?”

नेमसिंगनं त्यांच्याकडं पाहिलं. त्या नजरेत आता उलटा संशय होता. साहेब वऱ्हाडी बोलतोय म्हणजे काहीतरी वदवून घ्यायचंय.

“साहेब,” तो सावकाश म्हणाला, “आपण तसे बोलू शकता. आपल्याला कोणी काही म्हणणार नाही. मी आपल्याशी तसे बोललो, तर ‘मास्तराला मराठी येत नाही’ असे लिहिले जाईल.”

“मी नाही लिहिणार.”

“मग कोणी तरी लिहील. लिहिलेच असेल, त्याशिवाय आपण न कळवता आला नसता.”

वादसभेतलं ते हसू अनंतरावांना आठवलं. हसणाऱ्यांच्या बाकावर आज आपण बसलो होतो.

“नेमसिंग, घरी आईशी तुम्ही पुस्तकातलं बोलले, तर?”

पहिल्यांदा त्याच्या ओठांचा कोपरा हलला. “ती विचारील, पोलीस आला आहे का घरात?”

रुपीबाईंना काय कळलं कोण जाणे, पण पोलीस हा शब्द ऐकून त्या दारातून ओरडल्या, “कोन पोलीस? माह्या शेळीनं काय केलं हो एवढं?”

“काही नाही, माय,” अनंतराव म्हणाले. “मी चहा घेऊन राह्यलो.”

चहा घेता घेता त्यांनी वहीतलं ‘आकलन नाही’ खोडलं. अभिप्राय पुस्तकी मराठीतच लिहिला, कारण दुसऱ्या कोणत्या मराठीत तो वाचला गेला नसता : ‘विद्यार्थ्यांना पाठ्यपुस्तकाचा अर्थ उत्तम कळतो. शिक्षक मुलांच्या बोलीतून प्रमाण भाषेकडे नेतात. ही पद्धत योग्य आहे. सदर शिक्षकास कायम करण्याची शिफारस करीत आहे.’ वाचून दाखवल्यावर नेमसिंगनं तो कागद आपल्या हातात घेऊन पुन्हा स्वतः वाचला. त्याचा विश्वास बसायला तेवढं लागलंच.

संध्याकाळी घरी कुंदाबाई दारातच होत्या. “काहून उशीर झाला? अन् हे उपरणं कोणी खाल्लं?”

“शेळीनं.” ते आत आले, मग वळून म्हणाले, “कुंदे, आपण दोघं घरी कसं बोलतो वं?”

“कसं म्हणजे? माणसं बोलतात तसं.”

“अन् गेल्या महिन्यात कलेक्टरसाहेबांच्या बाई आल्या होत्या तेव्हा?”

कुंदाबाई जराशा लाजल्या. “तेव्हा बाई मी फार बोललेच नाही. जीभ दुखते.”

अनंतरावांनी खण उघडला. जुना कागद फाडला आणि नवा घेतला. ‘प्रिय मधुसूदन, उत्तरास विलंब झाला, क्षमस्व. नाही, त्या दोन मराठी एक नाहीत. वरची मराठी मला शाळेने दिली. माझ्या तालुक्यात ती कोणाच्याच घरची नाही. आमच्या बंजारा शिक्षकाला तर तीन पायऱ्या चढाव्या लागतात, आणि घरची पायरी ही निराळी भाषाच आहे. तुझ्या विद्वानाच्या व्याख्येत ती बसते की नाही, मला ठरवता येत नाही. माझे चुकतही असेल.’ मग गंगीनं सांगितलेला साळुंकीचा धडा त्यांनी तिच्याच शब्दांत उतरवला. अशी वाक्यं आयुष्यात त्यांनी कधी कागदावर लिहिली नव्हती. ‘लिवलं’ लिहिताना हात अडखळला. शेवटी लिहिलं, ‘मीही घरी असाच बोलतो. हसायचे असेल तर हस, पण मुलीला नाही, मला.’

सकाळी ते पोस्टाच्या पेटीपाशी बराच वेळ उभे होते. हा पुण्यात सगळ्यांना वाचून दाखवील का? दाखवीलही. पाकीट त्यांनी दोनदा पेटीच्या तोंडाशी नेलं आणि मागं घेतलं. मग आजूबाजूला कोणी नाही असं पाहून हळूच म्हणाले, “जाय बाप्पा आता,” आणि सोडून दिलं.