अडकणारं चित्र

आई गेल्यावर लेकीनं वडिलांच्या मागच्या खोलीत कॅमेरा बसवला. कॅमेरे बसवणं हाच तिचा धंदा, त्यामुळे वडील फक्त एवढंच म्हणाले, "बसव बाई. तुमच्या जिवाला बरं."

परदेशातला धाकटा भाऊ मात्र सारखा कुरकुरायचा. अप्पा चालता चालता मध्येच गोठतात, मग एकदम दारात दिसतात. तुझा कॅमेरा अडकतोय, ताई. तीही बघायची. चित्र खरंच अडकायचं, चौकोन चौकोन व्हायचे. गिऱ्हाइकांच्या गडबडीत घरचं काम मागे पडत गेलं.

शेवटी एका दुपारी ती लॅपटॉप घेऊन बैठकीत बसली. कॅमेऱ्याचं वेबपेज झटकन उघडलं, सेटिंगची पानंही. व्हिडिओ लावला की तेच रडगाणं. तिला संशय होताच. पान येतं टीसीपी नावाच्या पद्धतीनं. वाटेत एखादा तुकडा हरवला तर तो पुन्हा पाठवला जातो, माणसाला पत्ताही लागत नाही. व्हिडिओ येत होता यूडीपी या दुसऱ्या पद्धतीनं. तिथे हरवलं ते हरवलं. खात्रीसाठी तिनं कॅमेऱ्याला तात्पुरती केबल जोडली. चित्र कुठेच अडकलं नाही. केबल काढून पुन्हा वायफायवर आणलं, तर प्लेअर हरवलेली पॅकेट्स, म्हणजे तेच तुकडे, मोजू लागला. मधल्या दोन जाड भिंती नडत होत्या.

केबल ओढायला भिंत फोडावी लागली असती. तूर्त तिनं चित्रण साठवणाऱ्या रेकॉर्डरमध्ये व्हिडिओही टीसीपीवर टाकला आणि वाटेवरचा भार हलका व्हावा म्हणून त्याचा बिटरेट उतरवला. चित्र किंचित उशिरानं, पण सलग येऊ लागलं. तिला हायसं वाटलं.

मागच्या खोलीत वडील खुर्चीतून उठले. स्क्रीनवर दाराकडे निघाले आणि उंबऱ्याशी थांबले.

तिनं कपाळाला हात लावला. मग तिचं लक्ष चित्राच्या कोपऱ्यातल्या वेळेकडे गेलं. सेकंद पुढे सरकत होते. पंख्यानं पडदा हलत होता. हलत नव्हते ते फक्त वडील.

ती धावत गेली. ते चौकट धरून उभे होते, पावलं जमिनीला खिळलेली, वरचं अंग पुढे झुकलेलं. तिनं दंडाला धरलं, तसं जरा वेळानं पाऊल सुटलं.

"कधीपासून होतंय हे?"

"झाले की बरेच महिने. दार आलं की पाय ऐकतच नाहीत."

"मग बोलला का नाहीत, अप्पा?"

त्यांना प्रश्नाचंच नवल वाटलं. "तुम्ही दोघं रोज बघत होतात ना त्यात. म्हटलं, दिसतंय पोरांना. वयाचंच असेल, म्हणून गप्प आहेत."

तिनं त्यांना पलंगावर बसवलं, पाय चेपत राहिली. मग डॉक्टरांची वेळ घेतली आणि भावाला फोन लावला.

त्यानं आधीच उघडून पाहिलं होतं. "आता मस्त दिसतंय, ताई. काय बिघडलं होतं?"

ती व्हरांड्यात जाऊन उभी राहिली. वडिलांना ऐकू जाऊ नये म्हणून तिनं दार ओढून घेतलं.

"बस जरा," ती म्हणाली. "अप्पांबद्दल बोलायचंय."