कागदावरची पाच नावं

संगमेशची तक्रार एका ओळीची होती: दोन दिवस पाणी गिळता येत नाही. अक्कलकोटकडचा हा चाळिशीतला गवंडी सोलापूरच्या सरकारी दवाखान्यात स्वतःच्या पायांनी चालत आला, आणि बायकोने, पार्वतम्माने, पुढे केलेला तांब्या त्याने तोंड फिरवून परत दिला.

उत्कर्षा तिथली शिकाऊ डॉक्टर. तिच्या सरांची शिस्त कडक. तक्रार ऐकली की होऊ शकतील ते सगळे आजार आधी लिहायचे. खोडायचे ते तपासून, मनाला वाटलं म्हणून नाही. तिने केसपेपरच्या पाठीवर इंग्रजीत पाच नावं उतरवली. घशातलं गळू. धनुर्वात, कारण मागे पायात खिळा घुसला होता. उलटीच्या इंजेक्शनने आखडलेले स्नायू, कारण गावच्या डॉक्टरने ते परवाच टोचलं होतं. नुसती मनाची भीती. पाचवं नाव तिने बारीक अक्षरात लिहिलं, कारण त्यावर औषध नव्हतं.

संगमेश कागदाकडे टक लावून होता. त्याला धीर द्यावा म्हणून ती बोलून गेली, "यातलं जे खोडेन, तो आजार तुम्हाला नाही."

घसा स्वच्छ, मानेला सूज नाही, ताप नाही. गळू खोडलं. तोंड तीन बोटं मावतील इतकं सहज उघडत होतं, पोट-पाठ सैल होती. धनुर्वातही गेला.

"दोन गेले की," संगमेश बायकोला म्हणाला.

आता उत्कर्षाचा सगळा जीव तिसऱ्या नावात अडकला. ते खरं निघालं, तर एका उताऱ्याने माणूस अर्ध्या तासात बरा होतो. मान वाकडी नव्हती, जीभ वळलेली नव्हती, तरी तिने उतारा टोचला आणि देवधर्म न मानणारी ही मुलगी घड्याळाची विनवणी करत बसली. काडीचा फरक पडला नाही. तिसरं नावही खोडलं.

मग तिने त्याला डोळे मिटायला लावले आणि न सांगता त्याच कागदाने तोंडावर हलका वारा घातला. गळा गच्चकन आवळला, श्वास अडकला. वारा येणार हे त्याला ठाऊकच नव्हतं, मग भीती कसली? तो डावं मनगट सारखं खाजवत होता. पार्वतम्मा म्हणाली, दोन महिन्यांमागं तिथं घरचं कुत्र्याचं पिल्लू चावलं होतं. हळद लावली. पिल्लू आठवड्यात मेलं.

"घरचंच हाय म्हणून सुई न्हाय घेतली," ती म्हणाली.

सर आले, त्यांनी बघितलं, आणि हळू आवाजात दोनच गोष्टी सांगितल्या: याला शांत, अंधाऱ्या खोलीत ठेवून झोपेचं औषध द्या, घरात पिल्लू आणखी कुणाला चावलं असेल तर त्यांना आजच्या आज लस टोचा. संगमेशसाठी लसीची वेळ टळून गेली होती. उत्कर्षाने चौथी रेघ मारली. तिला स्वतःच्या शिक्षणाची किळस आली.

संगमेश शुद्धीत होता, चांगला हुशारीत होता. चार रेघा मोजून त्याचा चेहरा खुलला.

"एकच राहिला व्हय, डॉक्टरबाई? मग आज घरी सोडताय की."