शनिवारपर्यंतची खोली

आमचं इस्त्रीचं दुकान दुपारी दोन ते चार बंद असतं. पूर्वी त्या वेळात आमचे हे घरी झोपायचे. तीन महिन्यांपासून ते समोरच्या शिंपीणबाईकडे जाऊन बसत होते. तिच्या मशीनचा पट्टा सारखा निसटतो म्हणे. इतका कसा निसटतो, देव जाणे.

पडद्याआडून मला सगळं दिसायचं. ते तिथे हसायचे. हसताना मान मागे टाकायचे, लग्नानंतरच्या पहिल्या वर्षात टाकायचे तशी. ते पाहून माझ्या पोटात कोणी निखारा ठेवल्यासारखं व्हायचं. घरी आले की माणूस मुका.

वेगळं राहायला मी बेकरीच्या वरची एक खोली बघून ठेवली. मालकीणबाई म्हणाली, शनिवारपर्यंत हो किंवा नाही सांगा, दुसरं गिऱ्हाईक तयार आहे. बुधवारी मी वन्संकडे गेले. माझ्या या नणंदबाई चाळीस वर्षं नर्स होत्या.

"तो माझा धाकटा भाऊ, तेव्हा माझं मत विचारूच नकोस," त्या म्हणाल्या. "मी विचारते, तू उत्तरं दे. मारतो का? घालूनपाडून बोलतो? त्याची भीती वाटते?"

"छे."

"यातलं एक जरी असतं तर पुढचं काही न विचारता तुझी बॅग मीच भरली असती. आता सांग, डोळ्यांनी काय पाहिलंस?"

"हसताना पाहिलं. चहा पिताना."

"आणि मनाने काय जोडलंस?"

मनाने मी बरंच पुढे गेले होते.

"समज, शिंपीण उद्या गाव सोडून गेली. तुझं दुखणं गेलं?"

हो म्हणायला तोंड उघडलं आणि आठवलं, हे बोलेनासे झाले त्याला दोन वर्षं झाली. शिंपीणबाई तर आत्ता आली.

"मग दुखणं तिचं नाही," वन्सं म्हणाल्या. "हा असाच राहिला, तर उरलेली वर्षं काढशील?"

"नाही काढणार."

"हे त्याला सांगितलंस?"

"रोज सांगते. म्हणते, जा तुमच्या पट्ट्याकडे."

"अगं बाई, तो टोमणा झाला. सरळ शब्दांत, काय हवंय ते?"

सांगितलं नव्हतं.

"खोली बघितलीस ते पहिल्यांदा कोणाला सांगावंसं वाटलं?"

मला हसू आलं. त्या खोलीच्या खिडकीला फळी ठोकलेली आहे, ती यांच्याकडून काढून घ्यावी असं मनात आलं होतं.

वन्सं हसल्या नाहीत. "यावरून संपलंय की नाही ते ठरत नाही. संपलेल्या नात्यातही सवय उरते. पण न मागताच मिळालं नाही म्हणतेस, ते मला पटत नाही. एकदा माग. तुझं काय चुकतं तेही विचार. मग सहा आठवडे तो काय म्हणतो ते सोड, काय करतो ते बघ. तारीख आधी ठरव, नाहीतर सहाचे साठ होतील."

"खोली जाईल."

"जाईल. ती किंमत आहे."

गुरुवारी दोन वाजता शटर ओढल्यावर मी यांना थांबवलं. "मला दुपारचा अर्धा तास हवा. बोलायला. नाहीतर मी वेगळी राहणार आहे, आणि हे रागाने म्हणत नाही. माझं काही चुकत असेल तर तेही सांगा."

हे इस्त्रीच्या वायरला गाठ मारायला लागले.

"माझा हात थरथरायला लागल्यापासून," ते म्हणाले, "मी इस्त्री केलेला प्रत्येक शर्ट तू पुन्हा करतेस. गिऱ्हाइकासमोर. मी काही बोललो नाही. तिथे माझं काम कोणी पुन्हा करत नाही."

मला वाटायचं, मी त्यांना सांभाळून घेते.

"आणि ती हसते कशाला एवढं?" मी विचारलं. ते विचारायचं ठरलं नव्हतं.

"तिला मी विनोद सांगतो. तुला सांगितले तर तू म्हणतेस, ऐकलाय."

ऐकलेलेच असतात.

शनिवारी खोलीला नाही म्हटलं. घरी येताना बेकरीकडे वळूनही पाहिलं नाही, पाहिलं असतं तर परत वर गेले असते.

सहा आठवड्यांचं खरं सांगते. पहिल्या आठवड्यात ते दोनच दिवस थांबले आणि घड्याळ बघत बसले. तिसऱ्यात चार दिवस. पाचव्यात एकदा स्वतःहून म्हणाले, हाताची भीती वाटते, थरथर आणखी वाढेल का. त्या दिवशी पट्टा निसटला असता तरी ते गेले नसते. मी मात्र त्यांचे तीन शर्ट पुन्हा इस्त्री केले. दोन चोरून, एक त्यांच्यादेखत, आणि त्याची माफी मागितली. शिंपीणबाईकडे ते आठवड्यातून एकदा अजून जातात. मी अजून पडद्याआडून बघते. निखारा आहे, पण आता त्याने घर जाळावंसं वाटत नाही.

ठरलेल्या तारखेला त्यांनीच विचारलं, "मग? काय ठरवलंस?"

"राहते," मी म्हटलं. "पण ती बाई मला आवडत नाही."

"तिलाही तू आवडत नाहीस."

"का? मी तिचं काय केलंय?"

"रोज पडदा हलतो म्हणते."