कांडी कोणती भरायची?

पहाटे गाय हंबरू लागली आणि अक्का गोठ्याकडे धावली. गाय माजावर आली होती. संध्याकाळपर्यंत रेतनाची कांडी, म्हणजे वळूच्या वीर्याची नळी, भरायलाच हवी, नाहीतर पुन्हा एकवीस दिवस वाट बघायची. गोठ्यात ही एकच संकरित गाय उरली होती. तिची जोडीदारीण पंधरा दिवसांपूर्वी गोचीड तापाने गेली. खांद्याजवळच्या गाठी सुजल्या, डोळे पांढरेफटक पडले. इंजेक्शन मिळालं, पण उशिरा.

नवरा गोठ्याच्या पत्र्यावरून पडल्यापासून तीन महिने खाटेवरच होता. तिथूनच ओरडला, "विदेशी वळूची भर! वीस लिटरची कालवड होईल."

"तिला घालू काय, तुमचे बोल?" अक्का उसळली. "विहिरीचा तळ दिसतोय. हिरवा चारा नाही, पेंड संपत आली. पत्रा तापला की ही तोंड वासून धापा टाकते. मी बादल्या ओतून ओतून मरते, तरी दूध निम्म्यावर येतं."

"देशी पाच-सहा लिटरवर थांबते. चौघांची तोंडं कशी भरायची?"

"मेलेली किती देते?"

त्याने भिंतीकडे तोंड फिरवलं.

दिवस कलताना रेतनवाला कांड्या गोठवून ठेवणारी नायट्रोजनची टाकी घेऊन आला. अक्काने विचारलं तसं त्याने सरळ सांगितलं, "हिच्यात निम्मं रक्त विदेशी आहे. देशी कांडी भरली तर वासरात पाव उरेल. उन्हाला, गोचिडाला जास्त टिकेल, पण दूध हिच्याहून कमी. आणि कालवड झाली तरी दूध तीन-साडेतीन वर्षांनी. वहिनी, एकदा कांडी कोमट पाण्यात टाकली की परत ठेवता येत नाही. बोला."

"विदेशी!" आतून आवाज आला.

अक्काने गाईकडे पाहिलं. चार तोंडं, आटलेली विहीर, पंधरा दिवसांपूर्वी खड्ड्यात ढकललेलं ते थंडगार अंग, सगळं एकदम डोळ्यांपुढे आलं.

"देशी," ती म्हणाली. "राबते मी."

त्यानंतर नवरा तिच्याशी धड बोलला नाही. गाय पहिल्याच खेपेला गाभण राहिली, एवढंच नशीब. नऊ महिने अक्काने पोटाला चिमटा घेऊन तिला पोसलं.

उन्हाळ्याच्या तोंडावर गाय व्याली. गोऱ्हा झाला.

अक्का गव्हाणीला टेकून मटकन खाली बसली. साडेतीन वर्षांनी मिळणारं दूध एका क्षणात वाहून गेलं होतं. गाईचं दूध मिळेल, पण उन्हाचा तडाखा आता पुढ्यात होता. तिला हुंदका आवरेना.

दारात पाऊल वाजलं. भिंतीचा आधार घेत घेत नवरा कसाबसा गोठ्यापर्यंत आला होता. आता हा टोमणा मारणार म्हणून तिने मान खाली घातली.

"विदेशी कांडीनेही गोऱ्हा झालाच असता," तो दमून म्हणाला आणि वासराशेजारी बसला. "पोतं दे इकडे. अजून ओला आहे."