पामच्या विहिरीची कप्पी

मजूर रामकिसनला ड्राफ्ट्समन व्हायचं होतं. दाखवायला होता पुलाचा अर्धवट नकाशा.

"दोन वर्षं तेच गिरवतोस!" मी, त्याचा म्हातारा मास्तर, रागावलो. "आपल्या पाम गावच्या विहिरीची कप्पी कागदावर काढ. तीन बाजूंनी, मापांसकट. पण पुरी कर."

चार रविवारांत ती झाली.

बोईसरच्या ठेकेदाराकडे आम्ही नोकरी मागायला गेलो. तिथल्या साहेबांनी कागद भिरकावला. "पुस्तकातून उतरवलंस!"

माझं डोकंच फिरलं. "साहेब, दोरानं झिजून खाच एका बाजूला दोन सूत खोल गेलीय. तीही त्यानं काढलीय. अशी झिजकी कप्पी कुठल्या पुस्तकात असते?"

रामकिसननं पिशवीतली कप्पीच टेबलावर आदळली. "मोजा!"

साहेबांनी पट्टी लावली. मापं जुळली.

"सोमवारपासून ये," ते पुटपुटले.

"येतो. आधी ही परत लावतो, विहिरीवर बाया खोळंबल्यात."